चार जण मुलाखती घेणार असतील तर गुण एका मापात कसे आणायचे?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. फील्डवरच्या जागांसाठी ७२ मुलं मुलाखतीला बोलावली आहेत, घेणारे आम्ही चौघं: उत्पादन, विक्री, एचआर आणि शेती अधिकारी. मागच्या वेळी एकाने कुणालाच २० पैकी १२ च्या वर दिले नाहीत, दुसऱ्याने सरसकट १६-१७ दिले. या वेळी सगळ्यांना सारखा न्याय कसा द्यायचा?

उत्तर:

आधी एक गोष्ट टाळा. कडक गुण देणाऱ्याला "या वेळी जरा हात सैल सोडा" आणि दुसऱ्याला "जरा आवरतं घ्या" असं सांगू नका. सांगितलंत तर दोघांची सरासरी नक्की जवळ येईल, पण होतं काय, की कडक माणूस दडपणाखाली सगळ्यांनाच १३-१४ देत सुटतो. पूर्वी तो गुण कमी देत होता, तरी चांगला वर आणि कच्चा खाली ही ओळ बरोबर लावत होता. आता ती ओळच पुसली जाते, आणि सरासरी बघून तुम्हाला वाटतं की काम झालं.

कडकपणा पुष्कळदा स्वभावाचा नसतो, मापाचा असतो. कारखाना सांभाळणाऱ्याच्या मनात "५ गुण" म्हणजे त्याचा सगळ्यात मुरलेला फिटर. विक्रीवाल्याच्या मनात "५ गुण" म्हणजे शेतकऱ्याला पहिल्या भेटीत आपलंसं करणारा मुलगा. दोघेही प्रामाणिक आहेत, पण पट्टी वेगवेगळी आहे. म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली १, ३ आणि ५ गुणांचं उत्तर कसं ऐकू येतं, हे कागदावर उतरवून काढा. ही पद्धत नवी नाही. पॅट्रिशिया स्मिथ आणि एल. एम. केंडल यांनी १९६३ मध्येच "चांगला", "मध्यम" अशा विशेषणांऐवजी प्रत्यक्ष वागण्याचे नमुने लिहिलेली गुणपट्टी मांडली होती.

चार प्रश्न, प्रत्येकी ५ गुण, एकूण २० एवढंच ठेवा. त्यातला एक प्रश्न असा घेता येईल: "रावेरच्या एका शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. तो म्हणतो तुमची नळीच खराब आहे. तुम्ही शेतावर गेल्यावर काय कराल?"

१ गुणाचं उत्तर: "कंपनीला कळवतो" किंवा "नळी बदलून देतो", काहीही न तपासता. ३ गुणांचं उत्तर: फिल्टर साफ करायचा, लॅटरलच्या टोकाची एंड कॅप उघडून घाण बाहेर सोडायची हे येतं, पण कधीपासून होतंय हे विचारत नाही आणि दाब बघत नाही. ५ गुणांचं उत्तर: आधी विचारतो की हे पहिल्यापासून होतंय की हल्ली सुरू झालं. पहिल्यापासून असेल तर एका वेळी किती व्हॉल्व्ह उघडतात, लॅटरल फार लांब टाकली आहे का, हे बघतो. हल्लीचं असेल तर फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब, मग सबमेन आणि लॅटरल धुणं, आणि ड्रिपरवर पांढरा क्षार दिसला तर आम्ल प्रक्रिया. २ आणि ४ साठी वेगळं लिहू नका, ते मधले राहू द्या. हे नमुने एकट्या एचआरने लिहिले तर कुणी वापरणार नाही. चौघांनी बसून लिहायचे, आणि तांत्रिक भाग शेती अधिकाऱ्याने तपासायचा.

मग सरावाची एक बैठक, अडीच ते तीन तासांची. तुमच्याच सध्याच्या फील्डवरच्या पोरांपैकी तिघा-चौघांना विचारून, त्यांच्या परवानगीने, खोट्या मुलाखतीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. एक चांगली, एक कच्ची आणि दोन मधल्या दर्जाच्या असू द्या, कारण भांडण नेहमी मधल्यांवर होतं. अव्वल आणि अगदी कच्चा उमेदवार कुणालाही ओळखता येतो. शिवाय एक रेकॉर्डिंग अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत उत्तर देणाऱ्याचं हवंच. त्याचं कारण पुढे येईल.

प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर चौघांनी न बोलता आपापल्या चिठ्ठीवर गुण लिहायचे आणि चिठ्ठी पालथी ठेवायची. एकाने जरी "बरा होता की पोरगा" असं आधी म्हटलं, तरी बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे सरकतात, आणि म्हणणारा मालक असेल तर मग बघायलाच नको. चिठ्ठ्या एकदम उघडा. सगळ्यात कमी देणाऱ्याने आधी बोलायचं, मग सगळ्यात जास्त देणाऱ्याने, आणि पदाने मोठा असलेल्याने शेवटी. बोलताना नियम एकच: "मला वाटलं" नंतर, "तो काय म्हणाला" आधी.

वरच्या रावेरच्या प्रश्नावर अशी एक फेरी कशी होते ते जवळून बघू. अमळनेरकडचा मुलगा म्हणतो, "पहिले फिल्टर देखस. मंग नळीनं टोक उघडीसन पाणी सोडस. तरी नही उनं ते सायेबले फोन करस." चिठ्ठ्यांवर येतात उत्पादन २, विक्री ४, एचआर ४, शेती ३. उत्पादनवाला म्हणतो, दाब बघायचं त्याने नावच काढलं नाही. विक्रीवाला म्हणतो, शेतकऱ्याशी हा न घाबरता बोलेल. एचआरवाला म्हणतो, मुद्देसूद बोलला. आता कागदावरचा ३ गुणांचा नमुना वाचा: फिल्टर येतो, धुणं येतं, कधीपासूनचा प्रश्न नाही, दाब नाही. म्हणजे हे नमुन्यातलंच ३ आहे. विक्रीवाल्याने धिटाईचे गुण या प्रश्नात घातले, पण धिटाईला चौथा प्रश्न आहे: "शेतकऱ्याला समजावून सांगा". उत्पादनवाल्याने ५ च्या नमुन्यात जे नाही दिसलं ते मोजलं, ३ च्या नमुन्यात जे दिसलं ते नाही. दोघांच्याही चुकीचं कारण आता नावानिशी सापडलं, आणि कुणाला "कडक" किंवा "सैल" म्हणायची वेळ आली नाही.

शेवटच्या दोन रेकॉर्डिंगवर चौघांचे गुण प्रत्येक प्रश्नात १ च्या आत आणि एकूण बेरजेत २ च्या आत आले तर सराव पुरे. नाही आले तर आणखी रेकॉर्डिंग दाखवत बसू नका. नमुन्याचं वाक्य धूसर आहे, ते बदला. खऱ्या मुलाखती सुरू झाल्यावर मात्र वाक्य बदलायचं नाही, नाहीतर पहिल्या दिवसाची मुलं एका पट्टीने आणि तिसऱ्या दिवसाची दुसऱ्याच पट्टीने मोजली जातात.

आता मुलाखतींची मांडणी. बहुतेक ठिकाणी ७२ मुलं चौघांत १८-१८ वाटून देतात, आणि मग कुणाची सरासरी कमी आली तर तो कडक की त्याच्या वाट्याला आलेली मुलं कच्ची, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यात चोपड्याची गाडी उशिरा आली की तिकडची सगळी मुलं दुपारी एकाच माणसाकडे जातात, ते वेगळंच. तुमच्याकडे माणसं चार आहेत, हा आकडा फार सोयीचा आहे. दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि रोज जोडी बदला. पहिल्या दिवशी एका खोलीत उत्पादन-विक्री, दुसऱ्या खोलीत एचआर-शेती. दुसऱ्या दिवशी उत्पादन-एचआर आणि विक्री-शेती. तिसऱ्या दिवशी उत्पादन-शेती आणि विक्री-एचआर. चौघांच्या सहाही जोड्या तीन दिवसांत होतात. रोज २४ मुलं, प्रत्येक खोलीत १२, प्रत्येकाला २५ मिनिटं आणि गुण लिहायला ५. कोण कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत आणि सकाळी की दुपारी, हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा आणि मुलांना वेळ कळवा.

याचा फायदा असा, की जोडीतले दोघे तेच उत्तर ऐकतात. मुलगा हुशार असो की कच्चा, दोघांच्या गुणांतला फरक हा फक्त त्या दोघांच्या पट्टीतला फरक असतो. अट मात्र कडक: प्रश्न एकाने विचारायचे, पण दोघांनी प्रत्येक प्रश्नाचा गुण त्या त्या वेळीच स्वतंत्र कागदावर लिहायचा, आणि दोन्ही कागद जमा होईपर्यंत उमेदवाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गुण शेवटी एकदम लिहिले तर पहिल्या उत्तराचा प्रभाव बाकी तिन्हींवर पसरतो. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेल्या गुणांत हेच दाखवलं होतं. एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस त्यांना सगळ्याच बाबतीत चांगला वाटत होता.

प्रत्येक जोडीची एक शीट करा. C मध्ये पहिल्याचे एकूण गुण, D मध्ये दुसऱ्याचे, E मध्ये फरक:

```
E2:  =C2-D2
E14: =AVERAGE(E2:E13)
E15: =STDEV(E2:E13)
```

`E2` मधलं सूत्र `E13` पर्यंत खाली ओढायचं. `E14` म्हणजे सरासरी फरक, `E15` म्हणजे तो फरक किती हेलकावे खातो.

समजा सरासरी फरक असे आले (आकडे उदाहरणादाखल): उत्पादन-विक्री उणे ३.०, एचआर-शेती अधिक ०.५, उत्पादन-एचआर उणे २.२, विक्री-शेती अधिक ०.९, उत्पादन-शेती उणे २.०, विक्री-एचआर अधिक ०.२. पहिल्या दिवशी संध्याकाळी तुमच्या हातात "उत्पादन-विक्री उणे ३" आणि "एचआर-शेती अधिक ०.५" एवढंच असेल, आणि सगळे उत्पादनवाल्याकडे बघतील. तिथे थांबा. त्या उणे ३ वरून एकाची पट्टी खाली आहे की दुसऱ्याची वर, हे कळूच शकत नाही. तिन्ही दिवस पुरे झाल्यावर प्रत्येकाचे इतर तिघांशी असलेले फरक, त्याच्या बाजूने चिन्ह धरून, बेरीज करा आणि ४ ने भागा, कारण तुलना स्वतःला धरून चौघांच्या सरासरीशी आहे. उत्पादन: उणे ७.२ भागिले ४, म्हणजे उणे १.८. विक्री: ३.० + ०.९ + ०.२ = ४.१, म्हणजे अधिक १.०. एचआर: २.२ + ०.५ − ०.२ = २.५, म्हणजे अधिक ०.६. शेती: २.० − ०.५ − ०.९ = ०.६, म्हणजे जवळपास शून्य. चौघांची बेरीज शून्याच्या आसपास यायला हवी. नाही आली तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे.

यातलं किती खरं मानायचं? फरकाचा हेलकावा २ गुणांच्या आसपास असेल आणि प्रत्येक जोडीने १२ मुलं पाहिली असतील, तर या आकड्यांत पाव गुणाची चूक सहज असते. म्हणून अर्ध्या गुणाच्या आतला फरक शून्य समजा. शेती अधिकारी मधोमध आहे, एचआर सीमेवर आहे, उत्पादन आणि विक्री यांचं मात्र खरंच वेगळं आहे. याचा उमेदवाराला फटका किती, तेही बघा. तिसऱ्या दिवशी उत्पादन-शेतीच्या खोलीत बसलेल्याची सरासरी ०.८ ने खाली आणि विक्री-एचआरच्या खोलीतल्याची ०.८ ने वर. खोली बदलली की २० पैकी १.६ गुणांचा फरक. कट-ऑफच्या आसपास दाटी असते, तिथे एवढ्याने कुणाला घेतलं आणि कुणाला नाही हे उलटं होतं.

इथे बहुतेक जण उत्पादनवाल्याच्या प्रत्येक गुणात १.८ मिळवून मोकळे होतात. माझा आग्रह आहे की मिळवण्याआधी `E` कॉलम वरून खाली एकदा नजरेने वाचा. उत्पादन-शेती जोडीचा सरासरी फरक उणे २ होता. पण बारा आकडे असे असले तर? ०, −१, −१, ०, −४, −१, −५, −२, −१, −५, ०, −४. हा सगळ्यांना दोन गुण कमी देणारा माणूस नाही. आठ मुलांबद्दल दोघांचं जवळजवळ एकमत आहे, त्यांचा सरासरी फरक पाऊण गुण. उरलेल्या चौघांना मात्र त्याने चार-पाच गुण कमी दिले आहेत. त्या चौघांचे कागद काढा आणि शेऱ्यांत काय समान आहे ते शोधा. खानदेशात हे समान सूत्र पुष्कळदा भाषा निघतं: चौघांनी उत्तरं अहिराणीत दिली आणि उत्पादनवाल्याने पहिल्याच प्रश्नात "बोलणं अशुद्ध" असं लिहून सुरुवात केली, मग बाकीचे गुणही खाली गेले. ज्या पोराला पारोळ्याच्या नि साक्रीच्या शेतांवर फिरायचं आहे त्याच्यासाठी तर अहिराणी ही कामाची जमेची बाजू आहे.

अशा वेळी सरसकट १.८ मिळवणं हा दुहेरी अन्याय आहे. ज्या आठांना काही कमी मिळालंच नव्हतं त्यांना फुकटचे गुण मिळतात, आणि ज्या चौघांना चार-पाच कमी मिळाले ते तरीही तीन गुणांनी मागेच राहतात. कडकपणा सगळ्यांवर सारखा पडलेला असेल तरच मिळवणं-वजा करणं चालतं. एका गटावर पडला असेल तर त्या मुलांची मुलाखत ज्यांनी ती घेतली नव्हती अशा दोघांनी पुन्हा घ्यावी, त्याच चार प्रश्नांची, आणि आधीचे गुण त्यांना दाखवू नयेत. बाकीच्या दोन जोड्यांत त्याने पाहिलेली अहिराणी बोलणारी मुलंही शोधा, नाहीतर एका खोलीतल्यांनाच न्याय मिळेल. ही मुलं बाजूला काढून उरलेल्यांवर सहा फरक पुन्हा मांडा. उत्पादनवाल्याचा उणे १.८ हा आकडा बराच आत येईल, आणि मग कदाचित मिळवायची गरजच उरणार नाही.

उरलेल्या आकड्यांवर दुरुस्ती करायची झाली तर दोन बंधनं पाळा. दुरुस्ती होणार हे मुलाखतींच्या आधी चौघांनी लिहून ठरवलेलं असावं, कारण यादी बघून नंतर ठरवलं की त्याला हवा तो अर्थ लावता येतो. आणि मूळ गुण खोडायचे नाहीत, शेजारी नवा कॉलम करायचा. ज्यांची जागा दुरुस्तीमुळे कट-ऑफच्या वरून खाली किंवा खालून वर गेली, अशी मुलं थोडीच असतील. त्यांचा निर्णय आकड्यावर सोडू नका. चौघांनी बसून कागदावरचे शेरे नमुन्यांशी ताडून बघा.

एक प्रकार या सगळ्या हिशोबातून निसटतो, तो म्हणजे सगळ्यांना १२-१३ देणारा. त्याची सरासरी अगदी मधोमध येते, म्हणून त्याच्यावर कुणाचंच लक्ष जात नाही. त्याच्या स्वतःच्या ३६ गुणांवर `STDEV` काढा. बाकीच्यांचं ३ च्या आसपास आणि त्याचं सव्वा असेल, तर त्याने निवड केलेलीच नाही, जोडीदाराने केली आहे. त्याला मिळवून-वजा करून काही उपयोग नाही. पुढच्या सरावात त्याला १ आणि ५ चे नमुने मोठ्याने वाचायला लावा आणि कच्च्या रेकॉर्डिंगला ३ दिला तर चिठ्ठी परत करा. आता या ७२ साठी त्याने पाहिलेल्या ज्या मुलांचा जोडीदाराचा गुण कट-ऑफच्या दोन गुणांच्या आत आहे, तेवढ्यांची फेरमुलाखत घ्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाखती सुरू होण्याआधी सरावातलं एक मधलं रेकॉर्डिंग चौघांना पुन्हा दाखवून गुण घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. दर वेळी वेगळं रेकॉर्डिंग घ्या, म्हणजे जुना आकडा आठवणार नाही. आधी ११ देणारा आज ९ देत असेल, तर कालच्या दिवसभरात पट्टी सरकली आहे. तेव्हा तिथेच नमुने पुन्हा वाचून घ्यायचे आणि मग पहिला मुलगा आत बोलवायचा.